०.४ न्यूटन आणि ०.४ न्यूटन मिळून ०.६९ न्यूटन कसे होतात?

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे, सीईटीची तयारी करतोय. ३० सेंटिमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना प्रत्येकी +२ मायक्रोकूलॉमचा चार्ज आहे आणि त्यातल्या एका चार्जवरचा एकूण फोर्स काढायचा होता. प्रत्येकाचा फोर्स ०.४ न्यूटन आला. दोन्ही ढकलणारेच आहेत म्हणून मी बेरीज करून ०.८ लिहिले. उत्तरात ०.६९ आहे. दोन्ही रिपल्शनच असताना बेरीज का चालत नाही?

उत्तर:

तुमच्या आकडेमोडीचा पहिला भाग अचूक आहे. ९ × १०⁹ ला दोन्ही प्रभारांच्या गुणाकाराने गुणून ०.३ च्या वर्गाने भागले की ०.४ न्यूटनच येतात. एककेही तुम्ही नीट बदललेली दिसतात, कारण अंतर सेंटिमीटरमध्येच ठेवले असते तर उत्तर दहा हजार पटींनी चुकले असते. गडबड फक्त शेवटच्या पायरीत आहे आणि तिचे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे: दोन्ही ढकलणारेच आहेत म्हणून. मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि हे कारण मला दर वर्षी ऐकायला मिळते. ते वरवर पाहता इतके पटणारे आहे की नुसते ‘सदिशांची बेरीज करा’ असे सांगून भागत नाही. म्हणून ते कुठे तुटते ते सावकाश पाहू.

प्रतिकर्षण हा बलाचा प्रकार आहे, दिशा नव्हे. बल ज्या प्रभारामुळे निर्माण झाले आहे त्याच्यापासून दूर नेणारे आहे, एवढेच त्या शब्दातून कळते. पण ‘दूर’ म्हणजे नेमके कुठे, हे तो दुसरा प्रभार कुठे बसला आहे यावर ठरते. त्रिकोणाचा पाया अब आडवा काढा, डावीकडे अ, उजवीकडे ब, आणि वरच्या टोकाला क. आपल्याला क वरचे बल हवे आहे. अ हा प्रभार क ला अ पासून दूर ढकलतो, म्हणजे उजवीकडे वर. ब हा प्रभार क ला ब पासून दूर ढकलतो, म्हणजे डावीकडे वर. दोन्ही बले प्रतिकर्षणाचीच आहेत, दोन्हींचे परिमाण ०.४ न्यूटनच आहे, पण एक बाण उजवीकडे कललेला आहे आणि दुसरा डावीकडे. तुमच्या ०.८ या उत्तराचा अर्थ असा होतो की दोन्ही बाण एकाच रेषेत, एकाच बाजूला रोखलेले आहेत. तसे व्हायला अ आणि ब हे दोघेही क च्या एकाच बाजूला, क मधून जाणाऱ्या एकाच रेषेवर असायला हवेत. मग तो त्रिकोणच राहत नाही.

आता हाच त्रिकोण घेऊन बलांचे घटक पाडू, म्हणजे उरलेले ०.१ न्यूटन कुठे गेले हे डोळ्यांना दिसेल. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६०° असल्यामुळे अ कडून येणारे बल आडव्या रेषेशी ६०° चा कोन करते. त्याचा आडवा घटक ०.४ × cos ६०°, म्हणजे ०.२ न्यूटन उजवीकडे, आणि उभा घटक ०.४ × sin ६०°, म्हणजे ०.३४६ न्यूटन वर. ब कडून येणाऱ्या बलाचा उभा घटक तितकाच, ०.३४६ न्यूटन वर. आडवा घटकही ०.२ न्यूटनच, पण डावीकडे. उभे दोन्ही घटक एकाच दिशेचे असल्याने त्यांची साधी बेरीज होते आणि ०.६९३ न्यूटन मिळतात. आडवे दोन्ही घटक समोरासमोर उभे ठाकतात आणि त्यांची बेरीज शून्य होते. परिणामी बल ०.६९३ न्यूटन, दिशा पायाला लंब, त्रिकोणाच्या बाहेरच्या बाजूला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दोन्ही बलांची ताकद पूर्णपणे ‘वर’ नेण्यात लागलेली नाही. प्रत्येकाचा काही भाग क ला बाजूला रेटण्यात गेला आणि तो भाग दुसऱ्याने परतवून लावला. परिमाणांची सरळ बेरीज करताना आपण नकळत हा बाजूला रेटणारा भागही पुढे नेणाऱ्या भागात धरतो आणि म्हणून उत्तर नेहमी फुगते. ते कधी कमी येत नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे: दोन सदिशांच्या परिणामी सदिशाचे परिमाण दोन्ही परिमाणांच्या बेरजेपेक्षा मोठे कधीच नसते आणि त्यांच्या वजाबाकीपेक्षा लहानही कधीच नसते. तुमच्या गणितात परिणामी बल ० ते ०.८ न्यूटन यांच्यामध्ये कुठेही असू शकले असते. नेमके कुठे, हे फक्त कोन सांगतो.

‘दोन्ही सारखीच म्हणून बेरीज’ हा विचार खरोखर किती टिकतो हे तपासायचे असेल तर अ वरचा प्रभार +२ ऐवजी −२ मायक्रोकूलॉम करा, बाकी काही बदलू नका. आता अ हा क ला ओढतो आणि ब हा क ला ढकलतो. तुमच्याच नियमाने एक ओढणारे आणि एक ढकलणारे म्हणून वजाबाकी करावी लागेल आणि ०.४ वजा ०.४ म्हणजे शून्य येईल, म्हणजे क वर कोणतेही बल नाही असे ठरेल. घटक पाडून पाहा. अ कडचे बल आता डावीकडे खाली आहे: आडवा घटक ०.२ डावीकडे, उभा ०.३४६ खाली. ब कडचे बल पूर्वीसारखेच डावीकडे वर: आडवा ०.२ डावीकडे, उभा ०.३४६ वर. या वेळी उभे घटक एकमेकांना नाहीसे करतात आणि आडवे एकत्र येतात. परिणामी बल ०.४ न्यूटन, दिशा पायाला समांतर, डावीकडे. प्रभार मोकळा सोडला तर तो डावीकडे निघेल, आणि तुमचा नियम सांगत होता की तो जागचा हलणार नाही. पहिल्या गणितात तुमचे उत्तर खऱ्याच्या जवळपास तरी होते. इथे तर प्रश्नच उलटा पडला. चिन्ह बदलल्याने बाणाची दिशा उलटते हे खरे, पण ती त्याच रेषेवर उलटते. ती रेष कोणती, हे चिन्हाला माहीत नसते.

हीच बाब त्रिकोणाच्या मध्यबिंदूपाशी आणखी ठळक दिसते. तिन्ही प्रभार पुन्हा +२ मायक्रोकूलॉमचे करा आणि मध्यबिंदूवरचे विद्युत क्षेत्र काढा. मध्यबिंदूपासून प्रत्येक टोकाचे अंतर ३० भागिले √३, म्हणजे सुमारे १७.३ सेंटिमीटर आहे, आणि मीटरमध्ये त्याचा वर्ग बरोबर ०.०३ येतो. प्रत्येक प्रभाराचे क्षेत्र ६ × १०⁵ न्यूटन प्रति कूलॉम. परिमाणे मिळवली तर १८ × १०⁵ इतके प्रचंड क्षेत्र येते. प्रत्यक्षात तिन्ही बाण एकमेकांशी १२०° चे कोन करतात आणि त्यांची सदिश बेरीज शून्य असते. त्याच बिंदूवरचे विद्युत विभव मात्र तिन्ही विभवांची सरळ बेरीज करूनच काढायचे, कारण विभव ही अदिश राशी आहे, तिला दिशा नाही. प्रत्येक प्रभाराचे विभव १.०४ × १०⁵ व्होल्ट आणि तिघांचे मिळून सुमारे ३.१२ × १०⁵ व्होल्ट. एकाच बिंदूवर क्षेत्र शून्य आणि विभव तीन लाख व्होल्टच्या वर, यात विसंगती काही नाही.

माझ्या अनुभवात तुमच्यासारखी चूक होण्यामागे बहुतेक वेळा हीच सरमिसळ असते. कूलॉमचे बल, विद्युत क्षेत्र, विभव, स्थितिज ऊर्जा हे सगळे एकाच विषयात, जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या सूत्रांनी शिकवले जाते. विभव आणि ऊर्जेची गणिते करताना चिन्हासकट आकडे घालून बेरीज करायची सवय हाताला लागते आणि तीच सवय बलाच्या गणितात घुसते. विभवात प्रभाराचे ऋण चिन्ह सरळ सूत्रात घालायचे असते. बलाचे परिमाण काढताना मात्र ते चिन्ह बाजूला ठेवून आधी बाणाची दिशा ठरवायची आणि मग त्या दिशेप्रमाणे घटकांना अधिक-उणे चिन्हे द्यायची. माझ्या विद्यार्थ्यांना मी आकडेमोड सुरू करण्याआधी एकच विचारते: जी राशी काढायची आहे तिला बाण काढता येतो का? येत असेल तर आकृतीत बाण आधी, आकडे नंतर.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. कोन लहान असला की परिमाणांची बेरीज जवळजवळ बरोबरच येते. ०.४ न्यूटनची दोन बले एकमेकांशी २०° चा कोन करत असतील तर परिणामी बल ०.७८८ न्यूटन असते. ०.८ आणि ०.७८८ यांत फरक दीड टक्क्याचा, तो पूर्णांकात आणताना सहज बुडून जातो. तुमच्या ६०° ला खरे उत्तर ०.६९३ आहे, म्हणजे ०.८ हे सुमारे पंधरा टक्क्यांनी जास्त. चूक आहे, पण डोळ्यांना खटकावी इतकी मोठी नाही. ९०° ला परिणामी बल ०.५६६ पर्यंत उतरते, १२०° ला एका बलाइतकेच म्हणजे ०.४ उरते, १५०° ला ०.२०७, आणि १८०° ला शून्य. उतार सुरुवातीला अगदी सौम्य असतो आणि पुढे तीव्र होत जातो, म्हणून लहान कोनांची गणिते सोडवणाऱ्याला आपली पद्धत चुकीची आहे हे बराच काळ कळतच नाही. बहुपर्यायी प्रश्न काढणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते आणि परिमाणांची बेरीज पर्यायांमध्ये हमखास दिलेली असते. उत्तर पर्यायांत सापडले म्हणून ते बरोबर आहे असे या प्रकारच्या प्रश्नांत कधीच समजू नका.

तुमच्या मनात कदाचित असा प्रश्न येईल की अध्यारोपणाच्या तत्त्वानुसार प्रत्येक बल दुसरे नसल्यासारखेच काम करते, मग पूर्ण ०.४ अधिक पूर्ण ०.४ का नाही? ते तत्त्व खरे आहे आणि इथे ते जसेच्या तसे लागू आहे. ब असो वा नसो, अ कडून क वर ०.४ न्यूटनच बल येते, एका कणानेही कमी नाही. पण त्या तत्त्वाचा दुसरा अर्धा भाग असा आहे की ही बले सदिश म्हणून एकत्र येतात. बल वस्तूला त्वरण देते, त्वरणाने वेग बदलतो आणि वेगाने विस्थापन होते. विस्थापने कशी मिळतात हे आपल्याला चालण्यातूनच माहीत आहे: ३ किलोमीटर पूर्वेला आणि मग ४ किलोमीटर उत्तरेला गेलात तर निघालेल्या जागेपासून तुम्ही ५ किलोमीटरवर असता. पावले ७ किलोमीटरची पडली हे खरेच, पण विस्थापन ५. विस्थापन ज्या रीतीने मिळते त्याच रीतीने वेग, त्वरण आणि बल मिळतात.

कागदावरच्या पटवून देण्यावर विश्वास बसत नसेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत ग्रेव्हसँडचे उपकरण मागून घ्या. उभा लाकडी फळा, वरच्या दोन कोपऱ्यांना दोन कप्प्या, त्यांवरून जाणारा दोरा, दोन्ही टोकांना वजने आणि मध्ये गाठ मारून खाली सोडलेले तिसरे वजन, इतकेच त्याचे स्वरूप असते. दोन्ही बाजूंना १०० ग्रॅम लावा आणि मध्ये १०० ग्रॅम. वरचे दोन दोरे एकमेकांशी १२०° चा कोन करून थांबतील. मधले वजन १७० ग्रॅम करा, गाठ खाली उतरेल आणि कोन सुमारे ६४° होईल. बरोबर ६०° साठी १७३ ग्रॅम लागतात, म्हणजे १०० च्या √३ पट, आणि हाच तुमच्या गणितातला ०.६९३ भागिले ०.४ हा आकडा आहे.

आता तुमच्या पद्धतीची खरी परीक्षा घ्या: मध्ये २०० ग्रॅम लावा. १०० अधिक १०० बरोबर २०० असेल तर ते कुठल्याही कोनात तोलले जायला हवे. ते तोलले जात नाही. गाठ खाली घसरत जाते, दोऱ्यांमधला कोन लहान लहान होत जातो, बाजूची वजने वर चढत कप्प्यांकडे सरकतात, आणि तरीही समतोल येत नाही, कारण तो यायला दोन्ही दोरे एकमेकांना समांतर व्हावे लागतील आणि कप्प्या एकमेकींपासून दूर असताना ते शक्य नाही. एक सूचना मात्र देते. कप्प्यांमध्ये घर्षण असते, जुन्या उपकरणात तर बरेच असते, त्यामुळे कोन फार लहान झाल्यावर गाठ अडकून थांबलेली दिसू शकते. तिला बोटाने हलकेच खाली दाबून सोडा. ती पूर्वीच्या जागी परत येत नसेल तर तो समतोल नसून घर्षणाची अडवणूक आहे. इतर मोजमापांच्या वेळीही गाठ थोडी वर आणि थोडी खाली करून सोडावी, दोन्ही वेळा ती जिथे थांबते त्यांच्या मधली जागा घ्यावी आणि दोऱ्याची खूण आरशाच्या पट्टीवर करावी, म्हणजे दोरा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक आल्यावर तिरके पाहण्याची चूक राहत नाही.

निफाड-दिंडोरीकडच्या मुलांना मी हेच द्राक्षाच्या मांडवावरून विचारते. मांडवाच्या कोपऱ्यातल्या खांबाला दोन दिशांच्या तारा काटकोनात ओढतात. समजा प्रत्येक तारेचा ताण १००० न्यूटन आहे. खांब बाहेरच्या बाजूने किती बलाने धरून ठेवावा लागेल? २००० नव्हे, १४१४ न्यूटन, आणि तेही दोन्ही तारांच्या बरोबर मधल्या दिशेला, उलट बाजूने. बाहेरचा तणावा जमिनीकडे तिरका जात असल्यामुळे त्याच्यातला एकूण ताण याहून जास्त असतो. १४१४ हा फक्त त्याचा आडवा भाग झाला. मुलांना आकडा सांगता आला नाही तरी तणावा कुठल्या दिशेला हवा हे ती न चुकता सांगतात. नुसत्या १००० अधिक १००० या बेरजेतून ती दिशा कधीच मिळाली नसती. तुमच्या उत्तरातही ०.८ च्या पुढे दिशा लिहायची झाली असती तर तुम्ही काय लिहिले असते, याचा विचार करून पाहा. ‘अ पासून दूर’ की ‘ब पासून दूर’? तिथेच पेन थांबले असते आणि चूक सापडली असती.

परिमाणांची सरळ बेरीज कधीच करायची नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ते परिस्थितीवर अवलंबून आहे. बले एकाच रेषेवर, एकाच दिशेला असतील तर बेरीज हीच सदिश बेरीज असते. याचे चांगले उदाहरण चौरसात मिळते. चार सारखे प्रभार चौरसाच्या चार कोपऱ्यांवर ठेवा आणि एका कोपऱ्यावरचे बल काढा. शेजारच्या दोन कोपऱ्यांकडून प्रत्येकी F बल येते आणि ती बले एकमेकांशी ९०° करतात, म्हणून त्यांचे परिणामी बल √2 F, दिशा कर्णावर बाहेरच्या बाजूला. समोरचा प्रभार √2 पट दूर असल्याने त्याचे बल F/2, आणि त्याचीही दिशा त्याच कर्णावर बाहेरच. आता हे दोन्ही बिनधास्त मिळवा: 1.414 F + 0.5 F, म्हणजे 1.914 F. पहिल्या पायरीत बेरीज चुकीची आणि दुसऱ्या पायरीत तीच बरोबर, कारण दुसऱ्या पायरीत दोन्ही बाण एका रेषेवर आलेले आहेत. सुरुवातीलाच तिन्ही परिमाणे मिळवणाऱ्याला 2.5 F मिळतात.

एक सावधगिरी कोनाबद्दल. `R² = P² + Q² + 2PQ cosθ` हे सूत्र वापरताना θ हा दोन्ही बाणांच्या शेपट्या एकाच बिंदूवर ठेवल्यावर त्यांच्यामध्ये दिसणारा कोन असतो. तुमच्या मूळ गणितात तो ६०° आहे, आणि त्रिकोणाचा आतला कोनही ६०° आहे, पण हे दोन कोन वेगवेगळे आहेत. बाण त्रिकोणाच्या बाहेर, क च्या पलीकडे आहेत आणि त्यांच्यातला कोन आतल्या कोनाचा विरुद्ध कोन आहे म्हणून तेवढाच आला. अ चे चिन्ह बदलल्यावर आतला कोन ६०° च राहिला, बाणांमधला मात्र १२०° झाला. आकृतीतला कोन उचलून थेट सूत्रात घालणारी मुले इथे पकडली जातात. म्हणून क पाशी दोन्ही बाण खरोखर काढा, त्यांच्यामध्ये छोटा कंस काढून त्यावर अंश लिहा आणि मगच सूत्राला हात घाला. शिवाय वजा चिन्हाचे कोसाइन सूत्र त्रिकोणाच्या बाजूंसाठी असते; ते आणि हे एकमेकांत मिसळू देऊ नका.

शेवटी, या गणितातून ‘समभुज त्रिकोण म्हणजे √3 F’ एवढेच पाठ करू नका, कारण ते दोन्ही बले सारखी असली तरच चालते. ब वर +४ मायक्रोकूलॉम ठेवा, अ आणि क वर +२ तसेच राहू द्या. अ कडचे बल ०.४, ब कडचे ०.८ न्यूटन. आडवे घटक आता पूर्ण नाहीसे होत नाहीत: उजवीकडे ०.२, डावीकडे ०.४, म्हणून ०.२ न्यूटन डावीकडे उरतात. उभे घटक ०.३४६ आणि ०.६९३, मिळून १.०३९ न्यूटन वर. दोघांच्या वर्गांची बेरीज ०.०४ अधिक १.०८, म्हणजे १.१२, आणि तिचे वर्गमूळ १.०६. सूत्राने पडताळा घ्या: ०.१६ अधिक ०.६४ अधिक २ × ०.४ × ०.८ × ०.५, तेही १.१२ च. हे उत्तर ०.४ आणि १.२ या दोन टोकांच्या आत बसते. आडव्या घटकाला उभ्या घटकाने भागले की ०.१९२ येतात, त्यामुळे उत्तरपत्रिकेत असे लिहावे: क वरील परिणामी बल १.०६ न्यूटन, उभ्या रेषेपासून सुमारे ११° डावीकडे कललेले, त्रिकोणाच्या बाहेर.